ताप आल्यापासूनचा २१ वा दिवस : आमच्या तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

डॉक्टरसाहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखते. तुमचे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तुमच्या चिठ्ठ्या असतात, आणि तुमचं अक्षर आता मला मेडिकलवाल्यापेक्षा बरं लागतं. मी औषधं लिहून देणारी नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. त्यामुळे हे पत्र तुम्हाला शिकवायला लिहिलेलं नाही. पण चिकुनगुनियाचा पेशंट तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात येतो आणि माझ्याकडे पाचव्या महिन्यात. मधल्या काळात त्याचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

एका पोळीवाल्या मावशींची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, नाव लिहीत नाही. वय ४६. पोळी-भाजी केंद्रावर रोज दोनशेच्या आसपास पोळ्या लाटायच्या. २०२४ च्या राखीपौर्णिमेला, म्हणजे १९ ऑगस्टला, दुपारी कणीक मळता मळता त्यांना हुडहुडी भरली. रात्री ताप १०३. दुसऱ्या दिवशी संडासला बसल्या त्या उठता येईना, मुलीने काखेत हात घालून उठवलं. घोटे, मनगटं, बोटांची पेरं, सगळं एकदम धरलं. अंगावर पुरळ आलं. त्या वर्षी पुण्यात आणि नागपुरात काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेलच.

तिसऱ्या दिवशी त्यांचं रक्त तपासलं. चिकुनगुनियाची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली आणि कागदावर ‘व्हायरल फिव्हर’ असं लिहिलं गेलं. इथून गाडी रुळावरून घसरली. आयजीएम अँटीबॉडी रक्तात साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत विचारायचं तर आरटी-पीसीआरला विचारावं लागतं. ती महाग आहे, सगळीकडे होत नाही, हे मान्य. पण तिसऱ्या दिवसाची आयजीएम निगेटिव्ह आहे म्हणजे चिकुनगुनिया नाही, असा अर्थ होत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासा, एवढं एक वाक्य चिठ्ठीवर असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. मावशींना कोणीच रोगाचं नाव सांगितलं नाही. ताप चौथ्या दिवशी उतरला आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की आजार संपला.

७ सप्टेंबरला गणपती बसले. दुसरा दिवस हा त्यांच्या तापाचा २१ वा दिवस होता. ही तारीख मी नंतर मोजली, कारण त्यांना ती दुसऱ्याच कारणाने लक्षात होती. त्या वर्षी त्यांना मोदकाच्या पारीला कळ्या पाडता आल्या नव्हत्या. अंगठा आणि तर्जनी जुळत होती, पण चिमट घ्यायला गेलं की मनगटातून कळ यायची. शेवटी उकडीचे गोळे करून वर सारण ठेवलं आणि म्हणाल्या, बाप्पा, या वर्षी असंच.

चिकुनगुनियाच्या जाणत्यांनी या आजाराचे तीन टप्पे केलेत, ते तुम्ही वाचलेले असणार. पहिले तीन आठवडे, मग तीन महिन्यांपर्यंतचा काळ, आणि तीन महिन्यांनंतरचा. ह्या रेघा उगाच मारलेल्या नाहीत. पहिल्या तीन आठवड्यांत दुखणं असणारच, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यात ओसरतं. त्यानंतरही जे दुखतं, ते का दुखतंय हे हात लावून बघावं लागतं. आपल्या तालुक्यात ते कोणी बघत नाही. ताप मोजतो आपण, रोज दोनदा. तापानंतरचं काहीच मोजत नाही.

२१ व्या दिवशी दुखणं एकाच तऱ्हेचं नसतं. माझ्या टेबलावर ते मला तीन प्रकारांत दिसतं. पहिला प्रकार खऱ्या सुजेचा. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही, तास-दीड तास बोटं लाकडासारखी राहतात आणि काम करता करता सुटतात. बांगडी मनगटावरून सरकत नाही, पायातली जोडवी रुततात. मी पेशंटचा हात शेकहँड करावा तसा धरते आणि बोटांच्या मुळाशी, चार गाठींवर, दोन्ही बाजूंनी आडवं हलकेच दाबते. सूज असेल तर पेशंट हात ओढून घेतो. ह्याला दहा सेकंद लागतात. दुसरा प्रकार सांध्याचा नसून शेजारचा, म्हणजे स्नायूबंधांच्या आवरणाचा. अंगठ्याच्या मुळाशी, टाचेच्या मागे, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं. काहींना रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते, कारण मनगटातल्या सुजेने तिथली नस दाबली जाते. तिसरा प्रकार जुन्या दुखण्याचा. गुडघा आधीच झिजलेला असतो, तापाने तो जागा होतो. सकाळचा ताठपणा पाच-दहा मिनिटांचा, आणि जिना चढला की दुखणं वाढतं. तिन्ही पेशंट तुमच्यासमोर बसून ‘डॉक्टर, सांधे दुखतात’ एवढंच म्हणतात. आणि तिघांनाही एकच गोळी मिळते.

मावशी पहिल्या प्रकारातल्या होत्या, थोडा दुसरा मिसळलेला. २१ व्या दिवशी कोणी त्यांचा हात दाबला असता तर कळलं असतं.

त्याऐवजी काय झालं? सप्टेंबरच्या मध्यात त्यांना एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, कारण ही पुडी मी एकाच ठिकाणची पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी मावशी उड्या मारायला लागल्या. दीडशे पोळ्या लाटल्या. गावात त्या डॉक्टरांचं नाव झालं. दहा दिवसांनी पुडी संपली आणि बाराव्या दिवशी दुखणं आधीपेक्षा जोरात उलटलं. पुन्हा पुडी. दिवाळीत पुन्हा. त्यानंतर एकदा मेडिकलमधून परस्पर. डिसेंबरात चेहरा गोल झाला, वजन सहा किलो वाढलं, आणि कधी नव्हे ती साखर उपाशीपोटी १९० निघाली.

स्टेरॉइड वाईट आहे असं मी म्हणत नाही. सूज फारच असेल तर तीन आठवड्यांनंतर कमी डोस, थोडे दिवस, उतरत्या क्रमाने, साखर आणि रक्तदाब बघून देतात, आणि त्याने लोक बरे होतात. माझं भांडण पुडीशी आहे. पुडीवर नाव नसतं, मिलिग्रॅम नसतात, कसं उतरवायचं ते नसतं. पुढच्या डॉक्टरला कळतच नाही की ह्या बाईच्या पोटात काय गेलंय. आणि तापातच स्टेरॉइड दिलं तर? पहिल्या दिवसांत ते देऊ नये असंच सगळी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा डेंग्यू आहे की नाही हेच ठरलेलं नसतं. त्याच कारणाने डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनही तेव्हा नको. प्लेटलेट्स घसरलेल्या असतील तर रक्तस्रावाचा धोका असतो. त्या दिवसांत पॅरासिटामॉल, पाणी आणि आराम. पेशंट म्हणतो, ‘एवढंच?’ आणि दुसऱ्या दवाखान्यात जातो. हा तुमचा प्रॉब्लेम मला समजतो. पण ‘हे दुखणं काही आठवडे राहील, कदाचित काही महिने, आणि त्यातले बहुतेक जण बरे होतात’ हे पहिल्याच दिवशी सांगितलेल्या पेशंटला मी कमी भटकताना पाहिलंय. ज्याला ‘चार दिवसांत ठणठणीत’ असं सांगितलेलं असतं, तो पाचव्या दिवशी पुडी शोधायला निघतो.

आता लोक विचारतात की ताप गेला, विषाणू गेला, मग दुखतं कशाला? रक्तातला विषाणू साधारण आठवड्याभरात जातो. पण तो सांध्याच्या अस्तरात शिरलेला असतो. काही पेशंटच्या अस्तरात महिन्यांनंतरही विषाणूचे तुकडे सापडले आहेत, आणि शरीराची फौज त्या तुकड्यांवर चालून जात राहते. पाहुणा गेला तरी भांडण घरात चालू, असं मी पेशंटना सांगते. हे सांगणं गरजेचं असतं, कारण एका पेशंटच्या जावेने पाच महिने तिचा कप वेगळा ठेवला होता. आयजीएम पॉझिटिव्ह आहे ना अजून, म्हणून! आयजीएम कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. त्याचा अर्थ अंगात जिवंत विषाणू आहे असा नाही, आणि त्या पेशंटला चावून डास कोणाला देईल असाही नाही. हा आजार तसाही कपबशीतून जात नाही. (२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला आणि त्याच साली चिकुनगुनिया आला. नावातलं ‘चिकन’ ऐकून आमच्याकडे कितीतरी घरांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. नाव खरं तर टांझानियाच्या माकोंडे लोकांच्या भाषेतलं, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ च्या साथीत तिथल्या माणसांनी जे पाहिलं तेच नाव दिलं.)

आपल्यासाठी हा आजार तसा नवा नाही. १९६५ ला नागपुरात, १९७३ ला बार्शीत साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं तो गप्प बसला, इतका की २००५-०६ ला परत आला तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी एकही केस पाहिलेली नव्हती. तेव्हा मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. त्या वर्षी न कळणं समजण्यासारखं होतं. आता नाही.

मावशींकडे परत येते. जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, कोणीतरी त्यांची ‘आरए फॅक्टर’ चाचणी केली. थोडी पॉझिटिव्ह आली. त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला आमवात आहे, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. त्या रात्री त्यांनी पोळी केंद्राच्या मालकिणीला फोन करून सांगितलं की दुसरी बाई बघा.

आरए फॅक्टर थोडाबहुत पॉझिटिव्ह कितीतरी धडधाकट माणसांत येतो, वय वाढलं की येतो, विषाणूच्या आजारांनंतर येतो. आमवाताचा संशय असेल तर अँटी-सीसीपी करतात. चिकुनगुनियाच्या सांध्यांत ती बहुधा निगेटिव्ह असते. मावशींची निगेटिव्ह होती. हातांचा एक्स-रे स्वच्छ होता. आणि सगळ्यात मोठी चाचणी फुकट होती: १९ ऑगस्टच्या दुपारी दोन वाजेपर्यंत ही बाई दोनशे पोळ्या लाटत होती. आमवात असा एका दुपारी हुडहुडी भरून, पुरळ घेऊन येत नाही. पण तापाची तारीख कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून नव्या डॉक्टरसमोर बसलेली बाई ‘पाच महिने सांधे सुजलेत’ एवढीच उरली. त्यांनी आमवात म्हटलं त्यात त्यांचा दोष मी कमी धरते. क्वचित चिकुनगुनियानंतर खराखुरा आमवात सुरू झालेलाही दिसतो, म्हणून तपासायला हवंच. पण तारीख हवी.

त्या माझ्याकडे आल्या त्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. मी हात दाबला, त्यांनी ओढून घेतला. दोन्ही मनगटं मऊ सुजलेली, मूठ अर्धीच वळत होती. मी त्यांना पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे अँटी-सीसीपी, कावीळ बी-ची तपासणी, यकृत, किडनी, रक्तपेशी आणि छातीचा एक्स-रे झाला, आणि फेब्रुवारीपासून मेथोट्रेक्झेट सुरू झालं, आठवड्यातून एकदा १० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. हे औषध सगळ्यांना लागत नाही. तीन महिन्यांनंतरही सूज ठळक आहे आणि साध्या वेदनाशामकांनी भागत नाही, अशांनाच, तेही ते हाताळणाऱ्याच्या हाताखाली.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महिन्याच्या शेवटी मावशींनी गोळ्या आपल्याकडच्या एका मेडिकलमधून आणल्या आणि पाकिटावर काउंटरवरच्या पोऱ्याने सवयीने ‘१-०-०’ असं लिहून दिलं. म्हणजे रोज सकाळी एक. माझ्याकडे व्यायामाला आल्या तेव्हा तीन दिवस झाले होते आणि तोंडात फोड आले होते. मेथोट्रेक्झेट रोज घेतलं की तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. त्यांनी लगेच तज्ज्ञांना फोन केला, औषध थांबलं, रक्त तपासलं, थोडक्यात निभावलं. दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं तेव्हा मी त्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ असं लिहिलं आणि दिनदर्शिकेत रविवारांना लाल पेनाने गोल केले. तुमच्याकडे असा कोणी पेशंट सर्दी-खोकल्याला आला तरी वार कोणता ते विचारा.

माझ्या बाजूचं काम साधं आहे. सकाळी उठल्यावर कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं हात, पाण्यातच मूठ उघड-मीट. गरम आणि लाल झालेल्या सांध्याला शेक नाही, फडक्यात गुंडाळलेला बर्फ. रात्री मनगटाला पट्टी, म्हणजे मुंग्यांनी जाग येत नाही. पूर्ण अंथरुणात पडून राहणं नको, आणि चिडून जोर लावणंही नको. व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर उद्या निम्मा करायचा, हे माझं माप. लाटण्याच्या दोन्ही मुठींवर आम्ही जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या. जाड मूठ धरायला बोटं कमी आवळावी लागतात. कुकरचं झाकण मुलगी लावायची.

मार्च फारसा हलला नाही. औषधाला सहा-आठ आठवडे लागतात, तेवढ्यात धीर सुटतो. एप्रिलच्या मध्यात त्या सकाळचा ताठपणा ‘चहा होईपर्यंत’ म्हणायला लागल्या, आधी तो ‘केंद्रावर जायच्या वेळेपर्यंत’ असायचा. अक्षय्य तृतीयेला चाळीस पोळ्या. आषाढीच्या सुमाराला शंभर. साखर उतरली, पण पूर्ण जुन्या जागी आली नाही. ती गोळी अजून चालू आहे. २०२५ च्या गणपतीत अकरा मोदक केले, कळ्या जरा जाड पडल्या. बरोबर वर्ष लागलं.

वर्ष लागायला नको होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. वय चाळिशीच्या पुढे, बाई, सुरुवातीचं दुखणं जबर. अशांना हा त्रास लांबतो हे दिसून आलेलंच आहे. पण चार पुड्या, एक मधुमेह, एक खोटा आमवात आणि एक सोडलेली नोकरी, एवढं तरी टळलं असतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं. पावसाळ्यात तापाचा आणि सांधेदुखीचा पेशंट आला की चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. चाचणी निगेटिव्ह असली तरी लिहा. आणि त्याच चिठ्ठीवर २१ व्या दिवसाची तारीख काढून द्या, म्हणजे दुखत असेल तर तो त्या दिवशी हात दाखवायला येईल, दुसरीकडे पुडी घ्यायला जाणार नाही. त्या दिवशी दाबून बघा आणि सूज आहे की नाही एवढं कागदावर उतरवा. तीन महिन्यांनी सूज तशीच असेल तर पुढे पाठवा. स्टेरॉइड द्यायचंच ठरलं तर नाव, मिलिग्रॅम आणि उतरवायचा क्रम चिठ्ठीवर दिसू दे.

गर्दीत तारीख मोजून लिहायला वेळ नसतो हे मला माहीत आहे. म्हणून मी स्टँडजवळच्या शिक्केवाल्याकडून दहा रबरी शिक्के करून घेतले आहेत. दोन ओळी आहेत: ‘ताप सुरू झाला ती तारीख’ आणि ‘२१ वा दिवस’. पुढे रिकामी जागा. तीन डॉक्टरांनी नेले, सात माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पैसे नकोत. दुपारी चार ते आठ मी असते, कंपाउंडरला पाठवा. शाईचा पॅड मात्र तुमचा तुम्ही घ्या.

आपली,
तालुक्यातली एक फिजिओथेरपिस्ट